निर्ण्यातला टीव्ही आणि दोन जीबीचा हिशोब

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निर्ण्याला आजोळी गेलो, तेव्हा मामाने नवा स्मार्ट टीव्ही आणला होता. घरात वायफाय नाही. आबांना जुनी मराठी नाटकं मोठ्या पडद्यावर बघायची होती, म्हणून मी त्यांच्याच फोनचा हॉटस्पॉट लावून दिला. पाऊण तासात फोनवर संदेश आला की आजच्या दोन जीबीतला निम्मा डेटा संपला. नाटक संपायच्या आधीच उरलेलाही संपला. रोजचा कोटा संपला की आबांच्या प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्यात चित्र हलतच नाही. रात्री नऊला आत्याचा व्हिडिओ कॉल येतो, तोही त्या दिवशी लागला नाही. आबा काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शोधायला बसले की एवढा डेटा जातो तरी कुठे. आबा म्हणाले, "अगं, फोनवर मी दोन-दोन तास बघतो, तेव्हा तर काही होत नाही." हीच खरी गोम होती. फोनचा पडदा लहान, त्यामुळे ॲप बहुधा कमी दर्जाचं चित्र मागवतं. टीव्हीवरचं ॲप मात्र वेगळं. त्याला हॉटस्पॉट साध्या वायफायसारखाच दिसतो, आणि वेग मिळेल तसं ते १०८०पी चित्र मागवतं. फोनमधल्या यूट्यूबला काटकसर शिकवली असली तरी ती टीव्हीला लागू होत नाही. डेटा सेव्हर चालू करावा म्हटलं, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनांत तो चालू असताना हॉटस्पॉटच लागत नाही.

मामेभावाने आधी स्पीड टेस्ट केली. २० एमबीपीएस आले. एक एमबीपीएस सलग तासभर चालला की ४५० एमबी होतात, म्हणून त्याने गुणाकार केला आणि "तासाला नऊ जीबी जाणार!" म्हणून ओरडला. गुणाकार बरोबर होता, पण आकडा चुकीचा घेतला होता. नळ किती मोठा आहे ते स्पीड टेस्ट सांगते. बादलीत किती पाणी पडतं ते व्हिडिओच्या दर्जावर ठरतं.

मग आम्ही सरळ मोजलं. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराच्या यादीत हॉटस्पॉटचा आकडा वेगळा दिसतो. नाटक लावलं आणि पहिली दोन-तीन मिनिटं सोडून दिली, कारण सुरुवातीला टीव्ही पुढचा भाग घाईने भरून ठेवतो आणि आकडा फुगतो. नंतर आकडा होता ४१२ एमबी. बरोबर दहा मिनिटांनी ७०२. म्हणजे २९० एमबी, सहापट केले की तासाला १७४० एमबी. अडीच तासांच्या नाटकाला सव्वाचार जीबीहून जास्त! काल पुरणार तरी कसं?

टीव्हीच्या रिमोटने व्हिडिओवरच्या चाकाच्या चिन्हात जाऊन `Quality` मध्ये `480p` निवडलं आणि पुन्हा दहा मिनिटं मोजलं. या वेळी ८० एमबी, म्हणजे तासाला ४८० आणि पूर्ण नाटकाला बाराशे. आत्याच्या कॉलला आठशे एमबी उरतात. चित्र थोडं मऊ दिसतं, पण जुन्या नाटकाचं मूळ चित्रीकरणच तसं असतं. आबांना फरक कळलासुद्धा नाही. क्रिकेट असतं तर चेंडू शोधावा लागला असता. तुमच्याकडे आकडे थोडे वेगळे येतील, म्हणून स्वतःच मोजा.

एक घोळ मात्र झालाच. दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू झाला तेव्हा दर्जा पुन्हा `Auto` वर गेला होता. म्हणून आता ऑटोप्ले बंद, आणि टीव्हीतल्या ॲप्सचं आपोआप होणारं अपडेटही बंद. नेटफ्लिक्सवर हे सोपं आहे. खात्यातल्या प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एकदाच ठरवायचं: `Low` ला तासाला साधारण ०.३ जीबी, `Medium` ला ०.७, आणि `High` ला एचडी असेल तर तीन जीबीपर्यंत.

शेजारच्या काकांचा सेट-टॉप बॉक्स तर हॉटस्पॉटचं नावच दाखवत नव्हता. त्यांचा फोन ५ गीगाहर्ट्झवर होता आणि जुना बॉक्स फक्त २.४ ओळखतो. बँड बदलला, नाव दिसलं. छत्रीवरून येणारे चॅनेल डेटा खात नाहीत, फक्त ॲप्स खातात, हे सांगितल्यावर काका निश्चिंत झाले.

संध्याकाळी आबांचा फोन कव्हर काढून, चार्जरला लावून खिडकीत ठेवला. नाटक साडेआठला संपलं. हॉटस्पॉटचा त्या नाटकापुरता आकडा होता १२३० एमबी. नऊला आत्याचा कॉल आला आणि आबांनी तिला पहिलंच वाक्य सांगितलं, "आज अजून पाऊण जीबी आहे, बोल निवांत."