आधी नाव, मग वर्णन

देगलूरजवळच्या होट्टल गावात चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर आहे. तिथल्या भिंतींवरच्या सुरसुंदरींचे फोटो काढल्याशिवाय सहसा कोणी परतत नाही. समजा, त्यातला एक फोटो आपण गावाची ओळख सांगणाऱ्या वेबसाइटवर टाकला: आरशात पाहणारी सुरसुंदरी. डोळ्यांनी पाहणाऱ्याचं काम झालं. पण ज्याला दिसत नाही, तो स्क्रीन रीडर वापरतो. मोबाइलवर टॉकबॅक, संगणकावर मोफत मिळणारा एनव्हीडीए. पडद्यावरचा मजकूर ही यंत्रणा बोलून दाखवते. फोटोपाशी आली की ती ‘ऑल्ट टेक्स्ट’ शोधते. फोटोमागे दडलेला हा मजकूर पडद्यावर एरवी दिसत नाही.

तो लिहिलेलाच नसेल, तर काही रीडर फोटो मुकाट्याने ओलांडतात. फोटोवर लिंक असेल, तर बऱ्याचदा फाइलचं नाव वाचलं जातं: ‘आय एम जी, फोर फोर वन सेव्हन’. म्हणून आपण लिहायला बसतो आणि पहिला प्रयत्न साधारण असा उतरतो:

‘सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर डाव्या हातात आरसा धरून उजवा हात केसांकडे नेत किंचित वाकून उभी असलेली सुरसुंदरी.’

छापील मराठीत यात काही खटकत नाही. कानाला मात्र जड जातं. मराठीत विशेषणं आधी येतात आणि नाम शेवटी. वाचणारा डोळा झटकन पुढे जाऊन ‘सुरसुंदरी’ पाहून येतो, कानाला तशी उडी मारता येत नाही. आरसा, हात, केस, वाकणं हे सगळं कुणाचं, ते कळेपर्यंत ऐकणाऱ्याला मनात धरून ठेवावं लागतं. म्हणून नाव आधी आणि मग छोटी छोटी वाक्यं. सुरुवातीला ‘फोटो’ किंवा ‘चित्र’ लिहायची गरज नाही, कारण हे चित्र आहे एवढं रीडर स्वतःच सांगतो.

दुसरा घोळ डाव्या-उजव्याचा. मूर्ती आपल्याकडे तोंड करून उभी असेल, तर तिचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो. नुसतं ‘उजवीकडे आरसा’ लिहिलं, तर उजवीकडे म्हणजे कुणाच्या, हे ऐकणाऱ्याने कसं ठरवावं? ‘तिच्या डाव्या हातात’ म्हटलं की प्रश्न मिटतो.

फोटोओळीचं काम वेगळं असतं. ती सगळ्यांनाच दिसते आणि रीडरही ती वाचतो. काय दिसतं ते ऑल्टमध्ये, आणि कुठलं, कोणत्या काळातलं ते फोटोओळीत, अशी वाटणी केली नाही तर ऐकणाऱ्याला तेच वाक्य लागोपाठ दोनदा ऐकावं लागतं.

```
<figure lang="mr">
<img src="hottal.jpg" alt="सुरसुंदरीचं दगडी शिल्प. तिच्या डाव्या हातात आरसा आहे. उजवा हात केसांवर आहे.">
<figcaption>सिद्धेश्वर मंदिर, होट्टल, तालुका देगलूर. चालुक्यकालीन.</figcaption>
</figure>
```

फोटोओळीत ‘ता.’ न लिहिता ‘तालुका’ लिहिलंय, कारण ‘ता.’ पाहून यंत्र नुसतं ‘ता’ म्हणून मोकळं होऊ शकतं. `lang="mr"` म्हणजे ‘हा मजकूर मराठी आहे’ ही सूचना. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून यंत्राला भाषा ओळखणं अवघड जातं. तिथे `hi` राहिलं, तर हिंदी आवाज मंदिराच्या जाळीतला ‘जा’ ‘जिना’तल्या ‘जि’सारखा उच्चारतो आणि ‘ळ’लाही अडखळतो. `en` राहिलं, तर काही आवाज देवनागरी वाचतच नाहीत. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी आतून रोमन अक्षरं आणि चिन्हांचीच असते, आणि रीडरला तेवढीच दिसतात.

वर्णन किती करायचं, हे फोटो कशासाठी लावलाय त्यावर ठरतं. लेख दागिन्यांवर असेल, तर आरसा एका शब्दात उरकून गळ्यातले हार सांगावेत. मंदिराला जायचा रस्ता सांगताना हाच फोटो लिंक म्हणून वापरला असेल, तर ‘सिद्धेश्वर मंदिराचा रस्ता’ एवढं पुरे. आणि तो मजकुराच्या कडेला नुसता शोभेला असेल, तर `alt=""` असं रिकामं अवतरण ठेवावं, म्हणजे रीडर न बोलता पुढे सरकतो. `alt`च गाळलं, तर पुन्हा फाइलचं नाव वाचलं जाण्याची शक्यता उरते. शिल्पाचा सगळा तपशील द्यायचा असेल, तर त्याची जागा ऑल्टमध्ये नव्हे, लेखात. तो सगळ्यांच्याच कामी येतो.

लिहून झालं की एनव्हीडीए सुरू करून पानावर `G` दाबत जा. रीडर एका चित्रावरून थेट दुसऱ्यावर जातो. सुरसुंदरीपाशी थांबा, डोळे मिटा आणि ऐकता ऐकता तसेच उभे राहा. आरसा तुमच्या डाव्या हातात आला आणि उजवा केसांवर गेला, तर वर्णन जमलं. हात मध्येच थबकला, तर तो जिथे थबकला तेच वाक्य पुन्हा लिहायचं.