विसर्गाची रूपे

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नाव आहे. या विद्यापीठाचे ब्रीदवाक्य संस्कृतात असून ते चारच शब्दांचे आहे : ‘यः क्रियावान् स पण्डितः’. जो कृती करतो तोच खरा पंडित, असा त्याचा अर्थ.

हे वाक्य लक्षपूर्वक वाचणाऱ्या विद्यार्थ्यास एक शंका येते. ‘यः’ आणि ‘पण्डितः’ या शब्दांपुढे विसर्गाची दोन टिंबे आहेत. परंतु ‘स’ या शब्दापुढे ती नाहीत. ‘तो’ या अर्थाचा संस्कृत शब्द तर ‘सः’ असा शिकविला जातो. मग येथे विसर्ग गेला कोठे? तो लिहावयाचा राहून गेला असे मुळीच नाही. या वाक्यात विसर्ग तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचे जे झाले आहे ते नियमानुसार झाले आहे. हे नियम म्हणजेच विसर्गसंधी होय.

विसर्ग म्हणजे स्वरानंतर येणारा ‘ह’सारखा हलका उच्छ्वास. त्याला स्वतःचा ठाम आकार नाही. म्हणून विसर्गसंधी करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : विसर्गाच्या पुढे कोणते अक्षर आहे आणि विसर्गाच्या मागे कोणता स्वर आहे. यांपैकी पुढील अक्षर आधी पाहावे. कारण निम्म्या उदाहरणांत तेवढ्यानेच उत्तर मिळते.

पुढील व्यंजने दोन गटांत पडतात. कंठावर दोन बोटे ठेवून ‘स्‌ऽऽ’ असा नुसता ध्वनी लांबवावा. बोटांना काही जाणवत नाही. मग ‘म्‌ऽऽ’ असा ध्वनी लांबवावा. कंठातील कंप बोटांना स्पष्ट कळतो. कंप नसलेली व्यंजने ती कठोर : क ख, च छ, ट ठ, त थ, प फ आणि श ष स. अशी ही तेरा व्यंजने पाठ असली की पुरे. उरलेली सर्व मृदू होत. विसर्गातही कंप नसतो. त्यामुळे कठोर व्यंजनापुढे तो राहतो किंवा फार तर आपल्यासारखाच उच्छ्वासाचा ध्वनी होतो. मृदू व्यंजनापुढे मात्र त्याला राहता येत नाही.

प्रथम कठोर व्यंजने पाहू. ‘यः क्रियावान्’ यात विसर्गापुढे क आहे, म्हणून विसर्ग तसाच राहिला. ख, प, फ यांपुढेही हेच घडते. मराठीतील ‘अधःपात’ आणि ‘प्रातःकाल’ हे शब्द याच नियमाचे आहेत. च आणि छ ही व्यंजने जीभ टाळूला लावून उच्चारली जातात. त्यांच्यापुढे विसर्ग टाळूचाच ऊष्म वर्ण, म्हणजे श्, होतो : निः + चय = निश्चय. ट आणि ठ यांपुढे त्याच जागेचा ष् होतो : धनुः + टंकार = धनुष्टंकार. दातांजवळ उच्चारल्या जाणाऱ्या त आणि थ यांपुढे स् होतो : मनः + ताप = मनस्ताप. कंठ्य क आणि ओष्ठ्य प यांच्या जागेचे ऊष्म वर्ण मात्र वर्णमालेत नाहीत, आणि म्हणूनच तेथे लिहिताना विसर्गच राहतो. श, ष, स स्वतःच पुढे असतील, तर विसर्ग तसाच ठेवावा किंवा त्याच्या जागी तोच वर्ण लिहावा. निःशब्द आणि निश्शब्द ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत.

आता ब्रीदवाक्यातील शब्दांचा क्रम उलटा करून पाहू. ‘सः पण्डितः यः क्रियावान्’ असे म्हटले, तर ‘पण्डितः’च्या पुढे ‘य’ हे मृदू व्यंजन येते. अशा वेळी मागील स्वर पाहावा लागतो. विसर्गाच्या मागे ऱ्हस्व अ असेल, तर विसर्गाचा उ होतो आणि अ व उ मिळून ओ होतो. म्हणून ‘स पण्डितो यः क्रियावान्’ असे वाक्य होईल. मनः + रथ = मनोरथ आणि तपः + वन = तपोवन हे शब्द असेच झाले आहेत.

तेच वाक्य अनेकवचनात केले, तर ‘ये क्रियावन्तस्ते पण्डिताः’ असे होते. ‘क्रियावन्तः’च्या पुढे ‘ते’ मधील त आला, म्हणून विसर्गाचा स् झाला. याचाही क्रम उलटा केला, तर ‘ते पण्डिता ये क्रियावन्तः’ असे होते. येथे विसर्गामागे दीर्घ आ आहे आणि पुढे मृदू य. अशा ठिकाणी विसर्गाचा लोप होतो.

‘पण्डित’ऐवजी ‘कवि’ हा शब्द घेतला, तर ‘स कविर्यः क्रियावान्’ असे होईल. मागील स्वर अ किंवा आ नसून इ, उ यांसारखा दुसरा असेल, तर मृदू व्यंजनापुढे विसर्गाचा र् होतो. निर्भय आणि दुर्जन हे शब्द असेच. परंतु पुढील व्यंजनच र असेल, तर दोन र् एकापुढे एक राहत नाहीत. पहिला जातो आणि त्याच्या मागचा स्वर दीर्घ होतो : कविः + राजते = कवी राजते; निः + रव = नीरव.

पुनः, अन्तः आणि प्रातः या अव्ययांचा विसर्ग मुळात र् चाच झालेला आहे. त्यांच्या मागे अ दिसत असला, तरी मृदू व्यंजनापुढे ओ होत नाही. मूळचा र् परत येतो. म्हणून पुनः + जन्म = पुनर्जन्म असे होते, ‘पुनोजन्म’ असे होत नाही.

राहता राहिला ब्रीदवाक्यातील ‘स’. सः आणि एषः या दोन सर्वनामांसाठी पाणिनीने स्वतंत्र नियम सांगितला आहे. त्यांच्या पुढे कोणतेही व्यंजन आले, मग ते कठोर असो वा मृदू, तरी विसर्गाचा लोप होतो. म्हणूनच पुढे प असूनही ‘स पण्डितः’ असे लिहिले आहे. वाक्याच्या शेवटी पुढे अक्षरच नसल्यामुळे ‘पण्डितः’चा विसर्ग राहिला. तिन्ही ठिकाणांचा उलगडा असा होतो.

परीक्षेत संधी करताना पुढील तक्त्यातील प्रश्न क्रमाने विचारावेत. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ येईल तेथेच थांबावे. पुढील ओळी पाहू नयेत.

| क्रम | प्रश्न | ‘होय’ असल्यास विसर्गाचे काय होते? | उदाहरण |
|---|---|---|---|
| १ | विसर्ग वाक्याच्या शेवटी आहे काय? | तसाच राहतो | स पण्डितः |
| २ | शब्द सः किंवा एषः आहे काय? | लोप | एष बालः |
| ३ | पुढे क, ख, प, फ आहे काय? | तसाच राहतो | यः क्रियावान् |
| ४ | पुढे च, छ आहे काय? | श् | पण्डितश्चतुरः |
| ५ | पुढे ट, ठ आहे काय? | ष् | धनुष्टङ्कारः |
| ६ | पुढे त, थ आहे काय? | स् | क्रियावन्तस्ते |
| ७ | पुढे श, ष, स आहे काय? | तसाच राहतो किंवा तोच वर्ण होतो | बालः सीदति, बालस्सीदति |
| ८ | मागे आ आहे काय? | लोप | पण्डिता ये |
| ९ | मागे अ असून शब्द पुनः, अन्तः, प्रातः यांपैकी नाही, असे आहे काय? | मागील अ सह ओ | पण्डितो यः |
| १० | पुढे र आहे काय? | लोप व मागील स्वर दीर्घ | कवी राजते |
| ११ | यांपैकी काहीच नाही काय? | र् | कविर्यः, पुनर्वदति |

सातव्या ओळीपर्यंत सर्व कठोर व्यंजने संपतात. म्हणून आठव्या ओळीपासून पुढील व्यंजन मृदूच आहे असे समजावे. हा तक्ता पुढे व्यंजन असतानाच लागू होतो. विसर्गापुढे स्वर आल्यास नियम वेगळे आहेत.

तक्ता वापरताना दोन ठिकाणी चूक होते. पहिली जोडाक्षरांची. क्ष मध्ये पहिला वर्ण क् आहे, त्र मध्ये त् आणि ज्ञ मध्ये ज्. संधी पहिल्या वर्णाशी होते. म्हणून ‘बालः क्षिपति’ यात विसर्ग राहतो, ‘बालस्त्रायते’ असा स् होतो आणि ‘बालो ज्ञानं लभते’ असा ओ होतो. दुसरी चूक समासांची. नमस्कार, निष्कपट, चतुष्पाद या शब्दांत क किंवा प पुढे असूनही विसर्गाचा स् किंवा ष् झाला आहे. नमः, निः, दुः, चतुः अशा ठरावीक शब्दांचे समास होताना असे घडते. त्यांवरून वाक्यातील दोन सुट्या शब्दांचा संधी करू नये. ‘मुनिः पठति’ हे तसेच लिहावे.

संधी करण्याइतकेच तो सोडविणेही आवश्यक आहे. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० साली पुण्यात प्रसिद्ध झाला. त्या कोशात ‘पण्डितो’ हा शब्द शोधला तर सापडणार नाही. तेथे ‘पण्डित’ असा मूळ शब्द आहे. ओ च्या जागी अः असला पाहिजे हे ओळखल्यावाचून कोश उघडता येत नाही.

कधी कधी तर अर्थच यावर अवलंबून असतो. ‘बाला हसति’ आणि ‘बाला हसन्ति’ या दोन वाक्यांत पहिला शब्द डोळ्यांना अगदी सारखा दिसतो. पहिल्या वाक्यात क्रियापद एकवचनी आहे. तेथे बाला म्हणजे एक मुलगी, आणि विसर्ग मुळातच नाही. दुसऱ्या वाक्यात क्रियापद अनेकवचनी आहे. तेथे मूळ शब्द ‘बालाः’, म्हणजे मुलगे, असा असून पुढील मृदू ह मुळे विसर्गाचा लोप झाला आहे. त्याच वाक्यात ‘पठन्ति’ हे क्रियापद घातले, तर पुढे कठोर प येतो आणि ‘बालाः पठन्ति’ असा विसर्ग पुन्हा दिसू लागतो. तेव्हा आकारान्त शब्द आढळला आणि पुढे मृदू व्यंजन असले, की क्रियापदाचे वचन पाहावे आणि मगच अर्थ करावा.

स्वाध्याय

१. तक्त्यातील कोणत्या ओळीने उत्तर मिळाले ते सांगून संधी करा : बालः + तिष्ठति, कविः + गायति, सः + हसति, रविः + राजते, बालाः + धावन्ति, बालः + क्षिपति.

२. संधी सोडवा : मनोहर, निस्तेज, दुर्गुण, पुनर्विचार, नीरस.

३. ‘एष पण्डितश्चतुरः’ या वाक्यात विसर्ग किती ठिकाणी होता व प्रत्येक ठिकाणी त्याचे काय झाले ते लिहा.