उपाशी यायचं नसतं, मावशी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोयाबीनचं निंदण जोरात सुरू होतं, त्यामुळे सकाळच्या ओपीडीत नेहमीपेक्षा गर्दी कमी होती. साडेअकराच्या सुमारास आमच्या आहारतज्ज्ञ बाई त्यांच्या खोलीच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सर, जरा येता का? पेशंटला घाम फुटलाय."

खोलीत मालेगाव तालुक्यातल्या एका गावच्या बावन्न वर्षांच्या मावशी बसल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) दोन महिन्यांपूर्वी त्यांना मधुमेहाचं निदान झालं होतं. गोळ्या मीच लिहून दिल्या होत्या आणि आहारतज्ज्ञांकडे जाऊन या, असंही मीच सांगितलं होतं. ते 'जाऊन या' दोन महिने पुढे ढकललं गेलं, कारण त्यांना भीती वाटत होती. शेवटी सून त्यांना घेऊन आली आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसली.

मावशींचे हात थरथरत होते. कपाळावर घाम होता. आहारतज्ज्ञांनी बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासलं होतं, आकडा आला 64. सत्तरच्या खाली साखर गेली की ती कमी समजायची आणि लगेच उपाय करायचा. त्यांनी तीन सपाट चमचे साखर, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून मावशींना पाजली होती. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तर 96. मग सुनेच्या पिशवीतली भाकर काढून त्यांना खायला लावली. ही भाकर महत्त्वाची. साखरेच्या पाण्याने आकडा चढतो, पण मावशी घेत होत्या त्या जातीच्या गोळीचा असर काही तास टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते.

हे सगळं कळलं ते आहारतज्ज्ञांच्या पहिल्याच प्रश्नामुळे. त्या वजनाच्या आधी, उंचीच्या आधी हेच विचारतात: "आज सकाळपासून काय खाल्लं?"

"काईच नाही," मावशी म्हणाल्या होत्या. "तपासाले उपाशी यायचं असते न."

"आणि गोळी?"

"गोळी घेतली. गोळी कशी चुकवीन?"

दवाखान्यात 'उपाशीपोटी या' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हणतो, की लोकांना ते सगळ्याच खोल्यांना लागू वाटतं. आहारतज्ज्ञांच्या भेटीला उपाशी यायचं नसतं. रक्त द्यायचं असेल त्या दिवशी गोष्ट वेगळी, आणि त्या दिवशी मधुमेहाची सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर, जेवणासोबत घ्यायची असते. हे मी मावशींना सांगितलं नव्हतं.

मावशी सावरल्या तसं मी निघायला हवं होतं, पण ओपीडी रिकामी होती. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. तीस वर्षं रुग्णांना आहारतज्ज्ञांकडे पाठवतोय, पण ती पहिली भेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिल्याचं मला आठवत नाही.

"आता घाबरू नका," आहारतज्ज्ञ म्हणाल्या. "कशाची भीती वाटत होती?"

"शेजारची म्हणे, मॅडम भाकर बंद करते, भात बंद करते अन् सफरचंद खाले सांगते. सफरचंद रोज कुठून आणू मी?"

"सफरचंदाचं मी नावसुद्धा काढणार नाही. आज मी जास्त सांगणार नाही, विचारणारच जास्त आहे. कालचा दिवस रोजच्यासारखा होता का? उपास, लग्न, पाहुणे काही?"

"नाही. रोजच्यासारखाच."

"मग काल उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं?"

या पद्धतीत कालचा चोवीस तासांचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत क्रमाने आठवायचा असतो. 'तुम्ही रोज काय खाता?' असं विचारलं तर माणूस जे खायला हवं ते सांगतो. 'काल काय खाल्लं?' म्हटलं तर खाल्लेलं सांगतो, निदान बरंचसं. तरीही आकडा खऱ्यापेक्षा कमीच भरतो. तेल, साखर आणि येता-जाता तोंडात टाकलेलं हटकून सुटतं. म्हणून त्या दिवसाची दुसरी फेरीही करतात.

"चहा," मावशी म्हणाल्या.

"साखर किती?"

"चमचाभर."

आहारतज्ज्ञांनी ड्रॉवरमधून ताट काढलं. त्यात तीन आकारांचे चमचे, तीन वाट्या आणि पुठ्ठ्याच्या कापलेल्या गोल चकत्या होत्या. चकत्या भाकरी-पोळीच्या मापाच्या. मावशींनी सगळ्यात मोठा चमचा उचलला. चहाचा छोटा चमचा सपाट भरला तर 5 ग्रॅम साखर बसते. मावशींचा चमचा पोह्यांचा, तोही शीग लावून. दिवसाला चार चहा. कागदावर 'चमचाभर' लिहून पुढे गेलं असतं, तर निम्म्याहून जास्त साखर हिशेबातून निसटली असती.

"मग?"

"मग गोळी. सात-साडेसातले वावरात."

"जेवून?"

"नाही. जेवण एक वाजता, डबा नेते."

"आधीपासूनच असं?"

मावशी जरा थांबल्या. "पहिले एक भाकर खाऊन जात होती. शुगर निघाली तवापासून बंद केली. कमी खाल्लं तं शुगर कमी येईन, असं वाटलं."

आहारतज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. "वावरात कधी आजच्यासारखं झालं होतं?"

"अकराच्या सुमाराले हात थरथरते. घाम तं सगळ्याइलेच येते न वावरात."

मी स्टुलावर बसून हे ऐकत होतो. मावशींना मी मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड दिलं होतं. ही दुसरी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणासोबत किंवा जेवायच्या अगदी थोडं आधी घ्यायची असते. मावशी ती चहासोबत घेत होत्या आणि सहा तास उपाशीपोटी वाकून निंदत होत्या. महिन्याभरापूर्वी तपासणीला आल्या तेव्हा मी "जेवण वेळेवर आहे ना?" असं विचारलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. केसपेपरवर वजन 62 वरून 60 झालेलं दिसत होतं. मी खूश होऊन "छान, असंच चालू ठेवा" म्हणालो होतो. आज काटा 58 दाखवत होता. काय चालू ठेवायला सांगितलं, ते मला त्या स्टुलावर कळलं.

शेतात हे ओळखणं खरंच कठीण असतं. घाम, थकवा, भूक हे सगळं कामाचंच वाटतं. पण काम थांबवून सावलीत बसल्यावरही हात थरथरत राहिले, छातीत धडधडलं, डोकं भांबावल्यासारखं झालं आणि थोडं गोड खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं, तर ते साखर उतरल्याचं लक्षण धरावं आणि डॉक्टरांना सांगावं. माणूस नीट गिळत नसेल किंवा शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा.

बाकीचा दिवस मग भराभर उलगडला. दुपारी एक भाकर, बेसन, ठेचा. रात्री तीन भाकरी आणि ताटभर भात. दिवसभराची भूक रात्री वसूल होत होती. म्हणजे अकरा वाजता साखर पाताळात आणि रात्री डोंगरावर. सकाळच्या उपाशीपोटी तपासणीत ती वाढलेलीच दिसायची, म्हणून मावशी आणखी कमी खायच्या. दुसऱ्या फेरीत मूठभर भाजलेले शेंगदाणे निघाले, नातवाने टाकलेली बिस्किटं निघाली आणि बाजारातून आणलेलं 'शुगरचं चूर्ण'ही निघालं. त्या पुडीवर काय काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं. ते बंद करायला सांगितलं.

इथे आहारतज्ज्ञांनी सुनेला आत बोलावलं. स्वयंपाक ती करते, तर ती बाहेर का बसणार? घरात माणसं पाच, तेल महिन्याला पाच किलो. म्हणजे माणशी दिवसाला 33 ग्रॅमच्या आसपास. आहारतज्ज्ञांनी ते फक्त नोंदवलं आणि म्हणाल्या, "तेलाचं पुढच्या वेळी बघू." मला हे आवडलं. उंची 150, वजन 58, कंबर 88 सेंटीमीटर. आपल्याकडे बायकांची कंबर 80 च्या वर गेली की लक्ष घालायचं असतं, त्यामुळे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण पहिल्याच दिवशी दहा गोष्टी सांगितल्या तर घरी एकही पोहोचत नाही.

"मावशी, भाकरी दिवसाला किती झाल्या?"

"चार."

"चारच राहू द्या. सकाळी वावरात जायच्या आधी एक, सोबत वाटीभर घट्ट वरण. दुपारी दीड, रात्री दीड. भात ताटभर नको, छोटी अर्धी वाटी. चहा दोनदाच, आणि साखर या छोट्या चमच्याने एक."

"भाकर बंद नाही?"

"नाही."

मावशींनी सुनेकडे पाहिलं. माझ्या मते त्या भेटीतली भीती त्या क्षणी संपली.

गोळीत बदल करायचा अधिकार आहारतज्ज्ञांना नसतो. तो माझा होता. मी ग्लिमेपिराइड थांबवलं आणि मेटफॉर्मिन जेवणानंतर दोन वेळा चालू ठेवलं. वावरात नेण्यासाठी साखरेची छोटी पुडी पदराला बांधायला सांगितली. हा सल्ला त्यांच्यापुरता आहे. वाचणाऱ्याने स्वतःची गोळी स्वतः बंद करू नये. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांचा आहारही वेगळा असतो, तिथे वाटीभर वरणाचाही विचार करावा लागतो.

ही भेट चाळीस मिनिटं चालली. एरवी आमच्याकडे इतका वेळ मिळत नाही हे खरं आहे, आणि आहारतज्ज्ञ सगळीकडे असतातच असंही नाही. पण जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्ण-काढ्यासकट, एका पिशवीत घातल्या, जुने रिपोर्ट घेतले आणि घरी स्वयंपाक करणारं माणूस सोबत नेलं, तर यातला बराच वेळ वाचतो. घरचा साखरेचा चमचाही पिशवीत टाकावा.

दोन आठवड्यांनी मावशी परत आल्या, खाऊन आल्या. वजन 58 च होतं, उपाशीपोटी साखर 138. हात थरथरणं थांबलं होतं. सुनेने वहीत रोजचं जेवण लिहिलं होतं, पण मधले तीन दिवस कोरे होते.

"हे काय?" आहारतज्ज्ञांनी विचारलं.

"भाच्याचं लग्न होतं," मावशी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"बरं. पहिल्या दिवशी उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं?"