परिसंवादाचे निमंत्रण आले, पण विषय आपला नसेल तर?

म्हसा यात्रेच्या आधी पंधरा-वीस दिवस आम्हाला एका कार्यकर्त्याचा फोन आला. पौष पौर्णिमेला यात्रा भरते, तेव्हा मुरबाड-शहापूरचे कार्यकर्ते म्हशात येतातच. म्हणून त्यांनी वनहक्क कायद्यावर परिसंवाद ठेवला होता आणि चार वक्त्यांत एक नाव आमचे धरले होते.

आमचे काम वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांतील मुलांच्या शाळेचे. शिक्षण समाजशास्त्रात एम.ए. आदिवासी वाड्या माहीत आहेत म्हणजे वनहक्कही माहीत असणार, असे आयोजकांनी गृहीत धरले. आम्हीही क्षणभर तसेच धरले. मग ठरवले की आधी स्वतःची परीक्षा घेऊ. भाषण कसेही उभे राहते. श्रोत्यांतून येणाऱ्या प्रश्नाला उत्तर देता येईल का, हे पाहायचे.

आम्ही एक प्रश्न कल्पिला. वनाला लागून असलेल्या गावातला एखादा बौद्ध शेतकरी उठून विचारतो, “आजोबांपासून वनजमीन कसतो. आमचा दावा बसतो का?” आम्हाला एवढेच ठाऊक होते की 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा लागतो. त्या जोरावर आम्ही “बसतो” असे सांगून मोकळे झालो असतो.

एका वाडीतील वनहक्क समितीच्या सचिव ताईंना विचारले, तेव्हा चूक कळली. ती तारीख सर्वांनाच लागू आहे, पण आदिवासींखेरीज इतरांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो. त्यासाठी त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, वनात राहून त्यावरच उपजीविका असल्याचे दाखवावे लागते. म्हणजे हिशोब 1930 पर्यंत मागे जातो. आमच्या अर्धवट उत्तरावर त्या शेतकऱ्याने फक्त 2005 च्या आसपासचे कागद जोडले असते आणि दावा फेटाळला गेला असता. व्यासपीठावरून आम्ही केलेली चूक त्याला भोवली असती.

नकार देणे हे निम्मे काम. योग्य व्यक्ती सुचवणे हे उरलेले निम्मे, आणि घाई तिथेच होते. आम्ही आयोजकांना नाव देण्याआधी ताईंना विचारले. विषय काय, सोबत कोण, किती मिनिटे, हे सांगितले. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: दिवसाची मजुरी बुडेल त्याचे काय, आणि परतीची गाडी मिळेल का? त्या होकार देईपर्यंत त्यांचा नंबर कोणाला दिला नाही. मग दुसऱ्याच दिवशी आयोजकांना असे कळवले:

“जय भीम. निमंत्रणाबद्दल आभार. वनहक्काच्या दाव्यांचे काम आम्ही केलेले नाही, म्हणून या विषयावर बोलणार नाही. या ताईंनी आपल्या वाडीचे दावे स्वतः भरले आहेत, जमिनीच्या मोजणीला त्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांची तयारी आहे. आमच्या जागी त्यांना तेवढाच वेळ द्यावा, आणि प्रवासखर्च व बुडालेली मजुरी द्यावी.”

खरे कारण लिहिणे आवश्यक असते. ‘तब्येत बरी नाही’ म्हटले की आयोजक ‘पाच मिनिटे तरी या’ म्हणतात आणि दुसरे नाव पुढे येतच नाही. ‘तेवढाच वेळ’ हे शब्दही मुद्दाम घातले होते. नाहीतर ताईंचा शाल देऊन सत्कार होतो आणि माईक दुसऱ्याकडे जातो. आयोजकांनी आधी तसेच सुचवले होते. आम्ही पुन्हा फोन केला, तेव्हा त्यांनी ताईंना वक्ता म्हणून घेतले.

परिसंवादात एकाने विचारले, “दावा नामंजूर झाला, आता काय?” ताईंनी उलट विचारले, “निकाल कोणत्या समितीचा, आणि तारीख कोणती?” उपविभागीय समितीच्या निकालाविरुद्ध जिल्हा समितीकडे 60 दिवसांत दाद मागता येते, म्हणून त्यांनी आधी तारीख विचारली. आम्हाला ते सुचले नसते.

मात्र प्रत्येक संकोचाला अज्ञान समजू नये. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 1936 साली लिहिलेल्या भाषणाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनीही म्हटले होते की मंडळाला आपल्याहून योग्य अध्यक्ष मिळाला असता. पण जातीवरचा त्यांचा निबंध 1916 चा, म्हणजे वीस वर्षे आधीचा. विषय त्यांचा होता. म्हणून त्यांनी भाषण लिहिले, आणि मंडळाने आक्षेप घेतल्यावर मजकूर बदलायला नकार दिला. वीटभट्टीवरच्या मुलांच्या शाळेवर कोणी बोलावले तर आम्हीही जाऊ. तिथे मागे सरलो तर ती खुर्ची बहुधा वाडीत कधी न गेलेल्या माणसाला मिळेल.