विश्लेषण : रेवदंडा-चौलच्या किनाऱ्यावर सापडणारे निळे-पांढरे तुकडे खरेच चिनी असतात का?

ओहोटीच्या वेळी रेवदंड्याच्या किल्ल्याच्या बाजूने किंवा चौलच्या खाडीकाठाने चालताना वाळूत आणि चिखलात खापऱ्यांचे तुकडे दिसतात. त्यात कौलाचे तुकडे असतात, मडक्यांचे काठ असतात आणि मधूनच निळी नक्षी असलेला एखादा पांढरा तुकडाही असतो. तो हाती आला की ‘हे चिनी’ असे लगेच म्हटले जाते. त्या तुकड्याचे घर चीन असू शकते, इराण असू शकते आणि युरोपातला एखादा कारखानाही असू शकतो. यातला नेमका कुठला, हे वरच्या नक्षीपेक्षा तुटलेली कड अधिक खात्रीने सांगते. ती कड कशी वाचतात आणि ती कुठे फसवते, याविषयी…

अशी भांडी येथे आली कशी?

कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेले चौल हे प्राचीन बंदर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा ‘सेमिल्ला’ असा उल्लेख आहे. दहाव्या शतकात अरब लेखक अल मसुदी ज्या ‘सैमूर’ला आला, तेही हेच. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात चौललाच जहाजातून उतरला. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे शोधकार्य व उत्खनन केले आहे. इतकी शतके आखात, चीन आणि युरोपची जहाजे येत राहिली, त्यामुळे वेगवेगळ्या काळातील भांड्यांचे तुकडे एकाच किनाऱ्यावर शेजारीशेजारी पडलेले असतात. तुकडा कुठे सापडला यावरून त्याचा काळ ठरत नाही, तो याचसाठी.

‘चिनी माती’ म्हणजे नेमके काय?

मराठीत चहाची बशी, लोणच्याची बरणी आणि न्हाणीघरातले बेसिन या सगळ्यांना आपण चिनी मातीचे म्हणतो. भांड्यांचे जाणकार मात्र गाभ्यावरून तीन प्रकार करतात. पहिला प्रकार साध्या भाजलेल्या मातीचा. कुंभाराच्या आव्यातील मडके साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसला भाजते. झिलईची अशी भांडी त्याहून थोड्या जास्त उष्णतेवर भाजतात, पण मातीचे कण वितळून एकजीव होण्याआधीच भट्टी थांबते. कणांमध्ये पोकळ्या राहतात. माठातले पाणी गार होते ते या पोकळ्यांतून झिरपल्यामुळेच.

दुसरा प्रकार स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी कठीण झालेली माती. ही सुमारे १२०० ते १३०० अंशांना भाजतात. गाभ्यातला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि पोकळ्या बुजतात. वर तपकिरी आणि खाली पांढरट अशी लोणच्याची बरणी याच प्रकारातली. तेल, मीठ आणि आंबटपणा तिच्या गाभ्यात शिरत नाही, म्हणून लोणचे तिच्यात टिकते. तिसरा प्रकार पोर्सेलीन. त्यात केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पार किंवा अभ्रकयुक्त दगडाची पूड असते. साधारण १३०० अंशांच्या आसपास हे मिश्रण पांढरे, घट्ट आणि पातळ असेल तिथे उजेड झिरपू देणारे होते. काटेकोर अर्थाने ‘चिनी’ हे एवढेच.

तुटलेल्या कडेवर काय पाहतात?

तुकडा आधी गोड्या पाण्यात धुऊन एक-दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवतात. मग जिथे टवका अलीकडे उडाला असेल ती स्वच्छ जागा शोधतात. जुनी कड वाळूने घासून गोल झालेली आणि डागाळलेली असते, तिच्यावर विसंबत नाहीत. त्यासाठी तुकडा मुद्दाम फोडणे मात्र चूक. त्या स्वच्छ जागेवर पाण्याचा एक थेंब ठेवतात. भाजलेल्या मातीत तो काही सेकंदांत शोषला जातो. स्टोनवेअर आणि पोर्सेलीनवर तो मण्यासारखा बसून राहतो. तुकडा ओला असेल तर पोकळ्या आधीच भरलेल्या असतात आणि थेंब तसाच राहतो, म्हणून वाळवण्याची घाई करून चालत नाही. काही जण कड जिभेला लावून ती चिकटते का पाहतात. तत्त्व तेच आहे, पण खाडीतल्या तुकड्यावर हा प्रयोग टाळलेलाच बरा.

यानंतर साध्या भिंगातून पोत पाहतात. भाजलेल्या मातीची कड विटेसारखी भुरभुरीत असते आणि लोखंडी सुईने ओरखडते. गावठी मडक्याच्या कडेत अनेकदा बाहेरून लाल आणि मध्ये काळा असा थर दिसतो. मातीतले काडीकचऱ्याचे कार्बन भट्टीत पूर्ण जळले नाही, याची ती खूण. स्टोनवेअरची कड राखाडी किंवा फिकट पिवळसर, दाट, पण बारीक दाण्यांची असते. पोर्सेलीन मात्र जाड काचेसारखे शिंपल्याच्या वळणाने फुटते आणि कड ओलसर असल्यासारखी चमकते.

झिलई काय सांगते?

झिलई आणि गाभा यांच्या मधली रेघ पाहायची. कमी उष्णतेवर भाजलेल्या भांड्यात झिलई गाभ्यावर वेगळ्या थरासारखी बसते आणि भिंगातून सीमा स्पष्ट दिसते. पोर्सेलीनमध्ये गाभा आणि झिलई एकाच आगीत पक्व होतात, त्यामुळे ती सीमा पुसट होते.

झिलईवरची बारीक भेगांची जाळीही बोलकी असते. भांडे निवताना झिलई गाभ्यापेक्षा जास्त आकसली, तर ती ताणली जाऊन तडकते. सच्छिद्र गाभा पुढे वर्षानुवर्षे ओलावा घेऊन किंचित फुगतो, तेव्हाही अशी जाळी पडते. त्या भेगांतून गढूळ पाणी गाभ्यात उतरते आणि टवक्याभोवती तपकिरी डाग पसरतो. किनाऱ्यावर याला खाऱ्या पाण्याची जोड मिळते. भरतीला गाभ्यात शिरलेले मीठ ओहोटीच्या उन्हात झिलईखाली स्फटिक बनते आणि झिलईला बाहेर ढकलते. आखाती देशांतून येणाऱ्या फिरोजी झिलईच्या रांजणांचा गाभा मऊ आणि पिवळसर असतो. त्यांच्या तुकड्यांवरची झिलई खपल्यांनी सुटलेली दिसते, त्यामागे हे एक कारण असते.

तळ का पाहायचा?

तळाच्या कड्यावर बहुधा झिलई नसते, कारण ती वितळून भांडे भट्टीतल्या आधाराला चिकटले असते. भाजणीच्या खुणा म्हणूनच तिथे उरतात. चीनमधील लाँगच्वान येथील हिरव्या झिलईच्या भांड्यांचा गाभा राखाडी असतो, पण तळाची उघडी जागा विटकरी-नारिंगी दिसते. भट्टीत प्राणवायू कमी ठेवल्याने झिलईतले लोह हिरवा रंग देते. निवताना हवा आत येते आणि उघड्या मातीतले लोह तांबूस होते. दक्षिण चीनमधील च्यांगचौच्या निर्यातीच्या भांड्यांच्या तळाला भट्टीतली जाडी वाळू घट्ट चिकटलेली असते. ही वाळू किनाऱ्याची नव्हे, हे ओळखणे सोपे आहे. ती झिलईत वितळून बसलेली असते आणि नखाने निघत नाही.

निळ्या-पांढऱ्या तुकड्याचा निवाडा कसा होतो?

समजा, तीन निळे-पांढरे तुकडे समोर आहेत. पहिल्यावर थेंब बसून राहतो, कड काचेसारखी आहे, झिलईची सीमा दिसत नाही आणि अंधारात मागून मोबाइलचा टॉर्च धरला तर पातळ भाग उजळतो. निळ्या रेषा कुंचल्याच्या असून कुठे गडद, कुठे फिकट आहेत. हे पोर्सेलीन, आणि तळाला वितळलेली वाळू असेल तर च्यांगचौकडे बोट जाते.

दुसऱ्याचा गाभाही पांढराच, पण कड साखरेच्या खड्यासारखी दाणेदार आहे. थेंब शोषला जातो आणि झिलई वेगळ्या थरात दिसते. ही इराणी पद्धतीची फ्रिट भांडी. चिनी पोर्सेलीनची नक्कल करायला तिथे योग्य माती नव्हती, म्हणून कारागिरांनी गारेच्या पुडीत थोडी काच आणि पांढरी माती मिसळली. चौदाव्या शतकाच्या आरंभी काशानच्या अबुल कासिमने या मिश्रणाचे प्रमाण दहा भाग गार, एक भाग काच आणि एक भाग माती असे लिहून ठेवले आहे.

तिसऱ्या तुकड्याचा गाभा पांढरा आणि गुळगुळीत आहे, पण थेंब मुरतो. झिलईवर जाळी आहे आणि टवक्याभोवती तपकिरी डाग. भिंगातून नक्षी पाहिली तर ती बारीक ठिपक्यांची आणि एकसारख्या रेघांची दिसते, एखाद्या ठिकाणी नक्षीचे दोन तुकडे नीट जुळलेले नसतात. ही कागदावरून उतरवलेली छपाई. असा तुकडा म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आसपासचे युरोपीय कारखान्याचे भांडे. नक्षीत चिनी मनोरे असले तरी निवाडा बदलत नाही.

फसगत कुठे होते?

टॉर्चचा उजेड आरपार गेला नाही म्हणून ते पोर्सेलीन नाही, असे होत नाही. तळाचा जाड भाग उजेड अडवतोच. झिलईचे काठ किडीने कुरतडल्यासारखे उडालेले दिसले म्हणून भांडे साध्या मातीचे ठरत नाही. सतराव्या शतकातील काही चिनी पोर्सेलीनचे काठही तसेच उडतात, कारण त्यांची झिलई गाभ्याशी नीट जुळलेली नव्हती. लाटांनी घासून झिलईची चमक जाते, तेव्हा झिलईचा तुकडा बिनझिलईचा वाटतो.

मुख्य मर्यादा मात्र वेगळी आहे. गाभा भांडे कसे बनले ते सांगतो, वर्ष सांगत नाही. पोर्सेलीन चीनने कित्येक शतके बनवले, पुढे जपानने आणि अठराव्या शतकात जर्मनीतील माइसेननेही. काळ ठरवायला आकार, नक्षी आणि उत्खननातील थर लागतो. प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साह्याने निळ्या रंगातील कोबाल्टसोबतचे लोह आणि मँगेनीज मोजतात, त्यावरून कोबाल्ट कुठल्या खाणीचा असावा याचा अंदाज येतो.

सापडलेल्या तुकड्याचे काय करावे?

जमिनीत दडलेल्या आणि दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारातून तर काहीच उचलता येत नाही. तुकडा जागेवर ठेवून, शेजारी नाणे किंवा पट्टी धरून कड, तळ आणि नक्षी अशी तीन छायाचित्रे घेतली आणि जागा टिपून ठेवली, तर अभ्यासकाला त्यातून बरेच कळते. घरी नेलेल्या तुकड्याचा गाभा तसाच राहतो, पण तो कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडला होता हे कायमचे पुसले जाते.