एका हाताने बूट घालताना

पक्षाघातानंतर एकच हात चालत असेल, तर बुटाची नाडी बांधणं फार अवघड जातं. अशांनी वेलक्रोचा बूट घ्यावा, पण पट्टा कडीतून जाऊन उलटा वळणारा हवा. तो एका हाताने ओढला की बूट आवळला जातो. पट्ट्याचं टोक जाड हवं, नाहीतर ते कडीतून निसटतं आणि पुन्हा ओवणं हा मोठाच व्याप. संधिवाताने बोटं वळत नसतील, तर टोकाला अंगठा अडकेल असा कापडी फासा चांभाराकडून शिवून घ्यावा. पट्टा चिकटेनासा झाला, तर बहुधा आकड्यांत धागे-केस अडकलेले असतात. जुन्या टूथब्रशने ते निघतात. नेहमीचाच बूट हवा असेल, तर इलॅस्टिकच्या नाड्या एकदा ओवून ठेवाव्यात. मागून उघडी स्लिपर मात्र मी सुचवणार नाही. ती पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात, पाऊल फरफटतं आणि म्हातारं माणूस अडखळून पडतं.