इंधन बदललं, जेट तेच

१ एप्रिल २०२० रोजी भारतात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. रस्त्यावर मात्र जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या अजून भरपूर आहेत, आणि पंपावर दोघींनाही २० टक्के इथेनॉल मिसळलेलं तेच पेट्रोल मिळतं.

एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण साडेतेराच. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक ठरलेल्या मापाचं असल्याने मिश्रणात इंधन गरजेपेक्षा कमी पडतं. थंड इंजिन लवकर चालू होत नाही, चोक ओढला की मात्र चालतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर ही कमतरता ओळखतो आणि संगणक इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो. पूर्ण थ्रॉटलवर किंवा इंजिन थंड असताना मात्र ही दुरुस्ती सहसा चालत नाही.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं दुखणं वेगळं. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमधलं थोडंसं पेट्रोल उडून जातं आणि मागे उरलेला चिकट थर बारीक पायलट जेट बुजवतो. मग गाडी आयडलला बंद पडते, पण वेगात नीट पळते. यावर सोपा उपाय आहे: गाडी ठेवताना कॉक बंद करून बाउलखालच्या स्क्रूने पेट्रोल काढून टाकावं.

इंजेक्शनची बंदिस्त यंत्रणा इथे बचावते. तिला धोका टाकीत साठलेल्या पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषतं, पण प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि इंधनपंप तळातूनच ओढतो. तो गंजला, तर जेट साफ करण्यासारखं स्वस्तात भागत नाही.